जिरामध्ये निरोप नेमका कोणाला जातो

> प्रतिक्रियेत सहकाऱ्याचे नाव लिहूनही त्याला कळत नाही, उलट भलत्याच दहाजणांना मेल जातात. काय चुकते?

जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नुसते नाव लिहून भागत नाही. @ नंतर दोन-तीन अक्षरे लिहून उघडणाऱ्या यादीतून ते निवडावे लागते. तसे निवडूनही निरोप पोहोचला नाही, तर त्या सहकाऱ्याला तो प्रकल्प पाहण्याची परवानगी आहे का, हे आधी तपासावे.

बाकीचे मेल बहुधा Watchers मुळे, म्हणजे त्या तिकिटावर, कामाच्या नोंदीवर, लक्ष ठेवणाऱ्यांच्या यादीमुळे जातात. वैयक्तिक सेटिंगमध्ये आपोआप वॉचर होण्याची सोय चालू असली, की एकदा प्रतिक्रिया दिलेली व्यक्तीही त्या यादीत जाते. आमच्या एका तिकिटावर केवळ ‘पाहतो’ एवढेच लिहिलेले सहाजण पुढे कित्येक आठवडे प्रत्येक बदलाचा मेल घेत राहिले आणि शेवटी ते मेल उघडेनासे झाले, हे मला फार घातक वाटते. ज्यांचा संबंध संपला, त्यांनी डोळ्याच्या चिन्हावर जाऊन Stop watching निवडावे.

Assignee मध्ये एकच नाव बसते, म्हणून पुढचे काम ज्याच्याकडे आहे त्याचेच नाव तिथे ठेवावे. चाचणी करणाऱ्याकडून फक्त एक खुलासा हवा असेल, तर Assignee न बदलता त्याचा उल्लेख करून नेमका प्रश्न विचारावा.