'पक्या' कोणी म्हणायचं? लाडाच्या नावांचे अनुभव

वैदेही, नौपाडा
परवा सोसायटीच्या सभेत नवीन राहायला आलेल्या मुलाने आमच्या सेक्रेटरींना विचारलं, "पक्याकाका, पाण्याचं काय झालं?" त्यांच्या शाळासोबत्याच्या तोंडून ऐकलेलं नाव त्याने उचललं होतं, मनात काही नव्हतं. तरी सगळे गप्प झाले. मला बाबा आठवले. घरात सुना आल्यावर माझ्या थोरल्या आत्याने त्यांना 'सुऱ्या' म्हणणं सोडून 'सुरेश' सुरू केलं होतं. आजी गेली त्या दिवसापासून ती पुन्हा 'सुऱ्या' म्हणते, सुनांसमोरही. बाबा लगेच ओ देतात.
तुमच्याकडे मोठ्यांना अशी नावं कोण घेतं? कुठे खटकतं? लिहा ना.

मंगेश, ऐरोली
सोपं आहे. ऊ प्रेमाचा, या अपमानाचा. राजू, बंडू, विजू चालतं. राज्या, बंड्या, विज्या नाही.

कल्पना
आणि तात्या? 😄

देशपांडे बाई (निवृत्त)
तात्या हे नावाचं लहान रूप नाही, अण्णा-अप्पांच्या रांगेतलं आहे. शेवटच्या अक्षरावर जाऊ नका, क्रियापद लावून बघा. "तात्या आले" सहज येतं, "राजूदादा आले"ही येतं. "पक्या आले" म्हणताना जीभ अडते. तिथे "पक्या आला"च. म्हणून मागून काका जोडला तरी तो मुलगा अडकला.
प्रकाशचंच घ्या. आई, थोरली भावंडं, वर्गमित्र यांचा तो पक्या. सासुरवाडीला प्रकाशराव, पुतण्यांना प्रकाशकाका. ज्यांनी त्याला हाफ चड्डीत पाहिलंय त्यांनीच 'या' लावायचा, त्यांच्या मुलांना तो हक्क आपोआप मिळत नाही. बायकांचंही तसंच. सुमनची सुमी होते, हाक मारताना "ए सुमे". पण मान द्यायचा झाला की सुमाताई किंवा सुमनताई, सुमीताई नाही.

नितेश, घणसोली
बाई, आमच्याकडे नाही जमत हे. आम्ही आगरी, बापसाला पण अरे-तुरेच करतो, त्यात मान कमी होत नाही. आणि भिवंडीचे खासदार सुरेश म्हात्रे बघा. अख्खा जिल्हा 'बाळ्यामामा' म्हणतो. "बाळ्यामामा आले"च म्हणतात सगळे!

देशपांडे बाई (निवृत्त)
हे खरं आहे. तिथे मामा नावाला इतका चिकटलाय की दोन्ही मिळून एकच नाव झालंय. पण मग पक्याकाका का होत नाही, याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही.

स्नेहल
माझ्या भाचीचं नाव अन्वी ठेवलंय. लाडाने काय म्हणू? अनू नको, तिच्या आत्याचं तेच आहे.

जयश्री, वाशी
मंगेश, ऊ प्रेमाचा म्हणता? आमच्या ऑफिसात पंचावन्न वर्षांचे शिपाई होते. तिशीतला मॅनेजर दारातून "राजू, चहा" ओरडायचा. खरं नाव राजाराम, ते फक्त पगारपत्रकावर. एक नवीन मॅडम आल्या, पहिल्या दिवसापासून "राजूदादा, वेळ असेल तेव्हा". महिनाभरात बाकीचे पण दादा म्हणायला लागले. मॅनेजर सोडून.

मंगेश, ऐरोली
हे लक्षात नव्हतं आलं. चहाच्या टपरीवरचा 'छोटू' पण तसाच की.

सिद्धार्थ, कळवा
कुकर लावलाय, थोडक्यात लिहितो. आजोबांचं नाव धोंडिराम. गावात वाड्यावरचं शाळकरी पोरसुद्धा त्यांना "ए धोंड्या" म्हणायचं आणि आजोबांनी "जी मालक" म्हणायचं. वय बघून नाही, जात बघून. कळव्याला आले, कारखान्यात लागले, तिथे ते 'धोंडीमामा' झाले. तेव्हापासून आमच्या घरात कोणी कोणालाच 'या' लावत नाही, लहान पोरांनाही नाही. मित्र मला लाडाने 'सिद्ध्या' म्हणतात, त्यांना सांगितलंय की मला नको. दोघांना पटलं, एकाला अजून वाटतं मी भाव खातो.

वैदेही, नौपाडा
सिद्धार्थ, बरं झालं लिहिलंत. माझ्या आत्याला हाक मारताना दुसरं काही सुचत नाही आणि तुमच्या आजोबांना तीच हाक अंगावर यायची. समोरच्याला उलट तसंच म्हणता येतं का, हे बघायला हवं. आत्याला बाबा आजही 'कुमे' म्हणतात.

नितेश, घणसोली
हे पटलं. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी असतं म्हणून चालतं.

कल्पना
जनाबाई तर थेट देवालाच 'विठ्या' म्हणते.

देशपांडे बाई (निवृत्त)
हो, आणि 'तुका म्हणे' ते स्वतःच म्हणतात. आपण मात्र तुकोबाच म्हणतो.

स्नेहल
अन्वीचं कोणी सांगेल का 🙏

जयश्री, वाशी
चिऊ म्हणा. आमची चिऊ आता बारावीला आहे. घरी चालतं, कॉलेजच्या गेटवर हाक मारली की डोळे वटारते.