प्रतिसाद: तुकड्यांतला अनुवाद आणि बदलणारं लिंग

> "दोन तासांची इंग्रजी मुलाखत चार भागांत मराठीत केली. एकच बाई दुसऱ्या भागात 'गेलो' म्हणते, चौथ्यात 'गेले'. हे टाळायचं कसं?"

माझीही अशीच फजिती झालीय. वक्त्याचं नाव होतं सॅम. पहिल्या भागात 'मी नर्सला सांगितलं', 'मी ते पत्र वाचलं' अशीच वाक्यं होती. अशा सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माकडे बघतं, त्यामुळे बोलणारा कोण हे कळतच नाही. दुसऱ्या भागात 'आय वेंट' आलं आणि मी बिनधास्त 'गेलो' ठोकून दिलं. चौथ्या भागात सॅम स्वतःच्या बाळंतपणाबद्दल बोलायला लागली! सॅम म्हणजे समँथा.

तेव्हापासून अनुवादाला हात लावण्याआधी अख्खं संभाषण एकदा वाचतो आणि एक तक्ता करतो. त्यात नाव देवनागरीत कसं लिहायचं, लिंग काय आणि कोण कोणाला 'तू' म्हणतं, कोणाला 'तुम्ही', एवढंच. 'कझिन'सारखे शब्दही तिथेच पक्के करतो, नाहीतर पहिल्या भागातला मावसभाऊ तिसऱ्यात चुलतबहीण होतो. प्रत्येक भाग सुरू करताना तक्ता आणि मागच्या भागाच्या शेवटच्या आठ-दहा ओळी समोर ठेवायच्या.

लिंग कळलंच नाही, तर 'मी विचार करतो' ऐवजी 'मला वाटतं' लिहून वेळ निभावते. पण सगळीकडे हे केलं की भाषा अवघडते.

शेवटी त्या बाईच्या संवादांत 'लो' आणि 'तो'ने संपणारे शब्द शोधा. 'गेलो', 'करतो' लगेच सापडतील. पुरुषाच्या बाबतीत उलट शोध त्रासाचा, कारण 'ते गेले'सारखी आदरार्थी रूपंही येतात. ती डोळ्यांनीच तपासावी लागतात.