क्रमाने लावलेल्या रीडिंगमध्ये मध्येच घुसवायचंय, ॲरे घेऊ की लिंक्ड लिस्ट?

नवखी_सी:
मंडळी सल्ला हवाय. सेन्सरकडून रीडिंग येत राहतात, सगळे साधे int, आणि मला कायम शेवटची १ लाख रीडिंग चढत्या क्रमाने लावून ठेवायचीत म्हणजे मधलं मूल्य कधीही विचारलं की लगेच देता येईल. नवं रीडिंग कुठेतरी मध्येच घुसणार आणि सगळ्यात जुनं बाहेर जाणार. शिकवलंय असं की ॲरेत पुढचं सगळं सरकवावं लागतं आणि लिंक्ड लिस्टमध्ये दोन पॉइंटर बदलले की झालं. मग लिस्टच घ्यायची ना? सी मध्ये लिहितेय.

गाठ_बांध:
डोळे झाकून लिंक्ड लिस्ट. हे बघ एवढंच काम आहे:

```c
p->next = q->next;
q->next = p;
```

ॲरेत मधोमध घुसवलंस तर दर वेळी ५० हजार आकडे हलणार.

सापवाला:
मलाही हाच त्रास झालेला, पायथॉनच्या लिस्टमध्ये insert(0, x) करत होतो आणि लिस्ट मोठी झाल्यावर प्रोग्राम रांगायला लागला, deque घेतल्यावर पळायला लागला. तूही deque बघ.

जुना_कंपायलर:
@सापवाला, तुमचं टोकाला घालणं होतं, तिथे deque बरोबरच. मध्ये घालायचं तर deque लाही सरकवावंच लागतं, त्यामुळे इथे उपयोग नाही.

@गाठ_बांध, तुमच्या दोन ओळी बरोबर आहेत पण त्यातला q आला कुठून? तो हातात असेल तरच काम दोन ओळींचं. इथे तर आधी जागा शोधायचीय, आणि लिस्टमध्ये डोक्यापासून एकेक नोड चालत जाण्यावाचून इलाज नाही, सरासरी ५० हजार उड्या. ॲरेत बायनरी सर्च केला की १७ तुलनांत जागा सापडते, मग सरकवायचं:

```c
memmove(&a[i+1], &a[i], (n-i)*sizeof a[0]);
a[i] = x;
n++;
```

५० हजार int म्हणजे २०० केबी, सलग. मशीन सेकंदाला १० जीबी सरकवतं असं धरलं तर २० मायक्रोसेकंद झाले.

आता लिस्टची एक उडी बघा. पुढच्या नोडचा पत्ता आधीचा नोड वाचून झाल्याशिवाय कळतच नाही, त्यामुळे प्रोसेसरला पुढचं आधीच आणून ठेवता येत नाही, वाट बघत बसतो. ॲरेत ६४ बाइटच्या एका कॅश लाइनमध्ये १६ int येतात. लिस्टमध्ये ६४ बिट लिनक्सवर malloc एका छोट्या नोडलाच ३२ बाइट खातो. उडीला १० नॅनोसेकंद धरले तरी ५० हजार उड्यांचा अर्धा मिलिसेकंद, आणि नोड दर वेळी थेट रॅममधून आणावा लागला तर याच्या दहापट. दोन्हीकडे O(n) च, पण इथला n आणि तिथला n सारखे महाग नाहीत.

गाठ_बांध:
शोधायचा खर्च मी धरला नव्हता, मान्य. पण मी हे करून बघितलंय, १ लाख नोडची लिस्ट चालायला अजिबात वेळ लागला नाही.

जुना_कंपायलर:
ती लिस्ट ओळीने malloc करत बनवली असणार. मग नोड मेमरीतही शेजारी शेजारीच बसतात आणि चालणं स्वस्त पडतं. खऱ्या वापरात काही तास घालणं-काढणं झालं की नोड विखुरतात. नोड आधी बनवून घ्या, त्यांचा क्रम पिसून मग जोडा आणि परत मोजा, फरक लगेच दिसेल.

गाठ_बांध:
बघतो. तरी जुनं काढायचं काम लिस्टमध्येच सोपं ना? आलेल्या क्रमाने नोडचे पॉइंटर एका रांगेत ठेवले आणि लिस्ट दुहेरी केली की शोधाशोध न करता नोड निघतो.

जुना_कंपायलर:
हो, तिथे लिस्ट खरंच जिंकते, एलआरयू कॅश त्यावरच चालतो. पण इथे प्रत्येक काढण्यामागे एक घालणं आहेच, आणि ते चालल्याशिवाय होत नाही.

@नवखी_सी, ॲरेत घालणं-काढणं दोन वेगळी कामं करूच नका. जुन्याची जागा शोधा, नव्याची शोधा आणि फक्त त्या दोघांमधला पट्टा एक घर सरकवा. रीडिंग हळूहळू बदलत असतील तर पट्टा बऱ्याचदा छोटा असतो. आणि मधलं मूल्य तर थेट a[n/2] वर सापडतं, लिस्टमध्ये त्यासाठी वेगळा पॉइंटर सांभाळत बसावं लागतं.

नवखी_सी:
मस्त, पट्ट्याचं डोक्यातच आलं नव्हतं. ॲरेच करते. पण पुढे रीडिंगसोबत वेळ, सेन्सरचं नाव वगैरे जोडून २०० बाइटचं रेकॉर्ड होणारे, मग?

जुना_कंपायलर:
मग सरकवणं ५० पट, मिलिसेकंदाच्या घरात जाईल. रेकॉर्ड बाजूला ठेवा, ॲरेत फक्त रीडिंग आणि रेकॉर्डचा नंबर, ८ बाइटची जोडी.

गाठ_बांध:
एवढं करण्यापेक्षा बॅलन्स्ड ट्री घे ना सरळ, ना सरकवणं ना लांब चालणं.

जुना_कंपायलर:
१ लाखाला मी ॲरेवरच थांबेन, दहा-वीस लाख झाले तर ट्रीचा विचार करेन. नक्की कुठे पारडं फिरतं ते त्यांच्या मशीनवर मोजल्याशिवाय मी सांगणार नाही.