खऱ्या मोहिमेत काल्पनिक माणूस कशाला?

> 'ऐतिहासिक कादंबरीत मोहिमा खऱ्या, मग मधली माणसं काल्पनिक का? इतिहासात काय माणसं कमी होती?'

माणसं कमी नव्हती, त्यांच्या नोंदी कमी आहेत. जानेवारी १६६४ची सुरतेची स्वारी घ्या. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, त्याच्या वकिलाने महाराजांवर हल्ला केला, इंग्रजांनी आपली वखार लढवली, हे आपल्याला कळतं. वखारवाल्या इंग्रजांनी लिहून ठेवलं, पण ते त्यांच्या भिंतीआडून दिसलेलं. मराठ्यांच्या छावणीत रात्री काय बोलणं झालं, कुठल्या पेढीची खबर कोणी आणली, याला कागद नाही.

कादंबरीकाराला तर प्रसंग लिहायचा असतो. मग तो सावकाराकडचा एखादा कारकून उभा करतो. हा गल्लीबोळ ओळखतो, पळापळ जवळून बघतो, आणि लूट बघून त्याचं मन डगमगतं. हे डगमगणं महाराजांच्या तोंडी घातलं तर पुराव्याशिवाय त्यांच्यावर लादल्यासारखं होतं. कारकुनाच्या तोंडी ते खपून जातं. शिवाय महाराज सुरतेतून सुखरूप परतणार हे वाचकाला आधीच ठाऊक असतं. कारकुनाचं काय होईल, हे मात्र माहीत नसतं. उत्कंठा तिथून येते.

बिघडतं कुठे? हा कारकूनच स्वारीचा निर्णय फिरवायला लागला की. मोगल फौज येतेय या खबरेवरून मराठे निघाले, ते त्याच्या सल्ल्यावरून निघाले असं दाखवलं तर खरं कारणच पुसलं जातं. साधी कसोटी: तो माणूस कथेतून काढून बघा. स्वारीचे दिवस आणि निकाल जसेच्या तसे राहिले पाहिजेत.