मदत हवी आहे: बीएलई सेन्सरचा सेल दीड महिन्यात संपतोय, इंटरव्हल वाढवूनही फरक नाही

खटपट्या_निफाड
लोकहो, जरा घाईचं आहे. द्राक्षांच्या कोल्ड स्टोअरेजसाठी तापमानाचे ब्लूटूथ सेन्सर बनवलेत. एका सीआर२०३२ वर दोन वर्षं चालतील असं मालकांना सांगून बसलोय आणि सेल दीड महिन्यात राम म्हणतायत. अ‍ॅडव्हर्टायझिंग इंटरव्हल १०० मिलिसेकंद होता, तो २ सेकंद केला. काडीचा फरक नाही. ५ सेकंद करू का? की सेलच बोगस मिळालेत? काढलेला सेल मीटरवर २.९ व्होल्ट दाखवतो, म्हणजे धड मेलेलाही नाही. सीझन तोंडावर आलाय, लवकर सांगा.

रानवेडा
ब्लूटूथचा नाद सोडा राव. लोरा लावा. माझ्या विहिरीवर लोराचा नोड आहे, दोन पेन्सिल सेलवर निवांत चालतो आणि घरापर्यंत रेंज येते.

सोल्डरिंगवाला
विहिरीचा इथे काय संबंध? खटपट्या, अर्धीच माहिती दिलीत. चिप कुठली? गेटवे काय आहे? आणि मुख्य म्हणजे रीडिंग अ‍ॅडव्हर्टायझिंगच्या पॅकेटमधूनच जातं की गेटवे कनेक्ट होतो?

मीरा_पाषाण
५ कशाला, सरळ १० सेकंद करा. १०.२४ पर्यंत चालतो. इंटरव्हल दुप्पट केला की रेडिओचा खर्च निम्मा होतो, साधा हिशोब आहे.

खटपट्या_निफाड
चिप एनआरएफ५२८३२, तयार मोड्यूल आहे. गेटवे रास्पबेरी पाय. पाय कनेक्ट होतो, नोटिफिकेशन चालू करतो, मग दर ५ मिनिटांनी रीडिंग येतं. हे काय सांगायचं, सगळे असंच करतात ना?

सोल्डरिंगवाला
रीडिंग घेऊन सुटतो की जोडलेलाच राहतो?

खटपट्या_निफाड
जोडलेलाच. दर वेळी नव्याने जोडत बसायची कटकट कोण करणार!

मीरा_पाषाण
मग तर उलट चांगलं. जोडणी झाली की अ‍ॅडव्हर्टायझिंग बंद होतं, आणि पाठवायला काही नसेल तेव्हा सेन्सर झोपलेला असतो. खर्च दुसरीकडे कुठेतरी होत असणार. सेन्सरची चिप बघा.

सोल्डरिंगवाला
पहिलं वाक्य बरोबर, दुसरं नाही. अ‍ॅडव्हर्टायझिंग बंद होतं, म्हणूनच तो इंटरव्हल १०० ठेवा नाहीतर ५०००, दिवसभरात त्याचा उपयोगच होत नाही. पण जोडलेला सेन्सर झोपून राहत नाही. दर कनेक्शन इंटरव्हलला त्याला उठावं लागतं, गेटवेचं पॅकेट ऐकावं लागतं आणि रिकामं का होईना, उत्तर द्यावं लागतं. हा इंटरव्हल ठरवतो गेटवे. सेन्सर फार तर विनंती करू शकतो. खटपट्या, पायवर `sudo btmon` चालू ठेवा, एक सेन्सर तोडून परत जोडा आणि काय दिसतं ते इथे टाका.

काका_डोंबिवली
माझ्या कानातल्या ब्लूटूथचं डावं बोंडुक उजव्यापेक्षा लवकर उतरतं. त्यालाही हेच कारण असेल का?

खटपट्या_निफाड
काका, नवीन धागा काढा प्लीज. हे घ्या:

```
Connection interval: 50.00 msec (0x0028)
Connection latency: 0 (0x0000)
Supervision timeout: 420 msec (0x002a)
```

सोल्डरिंगवाला
सापडला चोर. लिनक्समध्ये कुणी काही बदललं नाही तर ३० ते ५० मिलिसेकंद हीच ठेवणीतली किंमत असते. म्हणजे ५ मिनिटांतून एक आकडा पाठवण्यासाठी तुमचा सेन्सर सेकंदाला २० वेळा, त्या ५ मिनिटांत ६००० वेळा उठतोय.

आता हिशोब करा. या चिपवर डीसी-डीसी चालू असेल तर एका रिकाम्या भेटीला ढोबळमानाने ६ मायक्रोकूलंब लागतात. गुणिले २० म्हणजे सरासरी १२० मायक्रोअँपिअर. सीआर२०३२ मध्ये साधारण २२० एमएएच धरले तर १८०० तासांच्या आसपास, म्हणजे अडीच महिने. ही सगळी कागदावरची गोष्ट.

खटपट्या_निफाड
पण माझे दीडच महिना टिकतात.

सोल्डरिंगवाला
त्याची दोन कारणं असू शकतात. डीसी-डीसी बंद असेल तर रेडिओ चालू असतानाचा करंट साधारण ५.५ मिलिअँपिअरवरून ११.५ वर जातो. फर्मवेअरमध्ये तो चालू केलाय का? आणि मोड्यूलवर त्यासाठीचे कॉईल बसवलेत का? स्वस्त मोड्यूलवर ते गाळलेले असतात. कॉईल नसताना चालू करू नका, चिप बंद पडेल.

दुसरं म्हणजे थंडी. खोली किती डिग्रीला असते?

खटपट्या_निफाड
शून्य ते एक.

पल्लवी_इलेक्ट्रॉनिक्स
मग २.९ व्होल्टवर विश्वास ठेवू नका. मीटर सेलमधून जवळपास काहीच ओढत नाही, त्यामुळे थकलेला सेलही ताजातवाना दिसतो. थंडीत आणि सेल उतरत आला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि रेडिओने झटका मारला की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. तेवढ्यात चिप रिसेट होते. सेल थंड खोलीतच ठेवून त्याला ३०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर सेकंदभर लावा आणि तेव्हाचं व्होल्टेज बघा. २ च्या जवळ गेलं तर तो संपला समजा. सेलला समांतर १०० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाका, झटका तो झेलतो. साधा इलेक्ट्रोलायटिक नको, त्याची गळतीच सेल खाईल.

मीरा_पाषाण
ठीक, कनेक्शनचं मान्य. मग पायवर इंटरव्हल १ सेकंद करून टाकायचा, प्रश्न मिटला. जोडणी ठेवली की रीडिंग पोचल्याची खात्री राहते.

सोल्डरिंगवाला
करता येईल, पण तो एकटा बदलून भागत नाही. सुपरव्हिजन टाइमआउट ४२० मिलिसेकंदच राहिला तर १ सेकंदाच्या इंटरव्हलशी त्याचा मेळच बसत नाही, जोडणी होणारच नाही. लेटन्सी ४ ठेवली तर सेन्सर पाचातल्या चार भेटी चुकवू शकतो, पण टाइमआउट १० सेकंदांच्या वर हवा. रूट होऊन हे करा:

```
cd /sys/kernel/debug/bluetooth/hci0
echo 800 > conn_max_interval
echo 800 > conn_min_interval
echo 4 > conn_latency
echo 1200 > supervision_timeout
```

इंटरव्हल १.२५ मिलिसेकंदाच्या पटीत, टाइमआउट १० च्या पटीत. आधी मॅक्स लिहा, नाहीतर मिन नाकारलं जातं. पाय रिबूट झाला की सगळं मूळपदावर येतं, तेव्हा स्क्रिप्टमध्ये घाला. मग परत `btmon` बघा, नुसतं लिहिलं म्हणून लागू झालं असं धरू नका.

पण मी असतो तर जोडणीच काढली असती. तापमान अ‍ॅडव्हर्टायझिंगच्या पॅकेटमध्येच घाला, दोन बाइट तर लागतात. पॅकेट जोडता न येणाऱ्या प्रकारचं ठेवा, म्हणजे पाठवल्यावर उत्तराची वाट बघत रिसिव्हर उघडावा लागत नाही. तुमचा २ सेकंदांचा इंटरव्हल तेव्हा खरा कामाला येईल. पायला वीज भिंतीतून मिळते, त्याला सतत स्कॅन करत ठेवा.

मीरा_पाषाण
आणि पॅकेट हुकलं तर? कोल्ड स्टोअरेजचं जाड दार, लोखंडी रॅक, ओली खोकी.

सोल्डरिंगवाला
५ मिनिटांत १५० पॅकेट जातात, एक मिळालं तरी पुरे. बाकी अडचण उलटी आहे: सेन्सर गप्प झाला तर सेल संपला की दार आड आलं, हे कळत नाही. पॅकेटमध्ये सेलचं व्होल्टेजही पाठवा, पण ते रेडिओ चालू असताना मोजलेलं हवं.

मीरा_पाषाण
आणि अलार्मची मर्यादा बदलायची झाली तर काय, प्रत्येक सेन्सर खोलून काढायचा? जोडणी हवीच.

रानवेडा
लोरात हे सगळं होतं.

खटपट्या_निफाड
मर्यादा मालक दर आठवड्याला बदलायला सांगतात, तिथे मीराताईंचं पटतं. सध्या एका सेन्सरवर १ सेकंद आणि लेटन्सी ४ लावली, `btmon` मध्ये १००० दिसतंय. दुसऱ्यावर नुसतं अ‍ॅडव्हर्टायझिंग करून बघतो. मोड्यूलवर पत्र्याचं झाकण आहे, कॉईल आहे की नाही दिसत नाही. झाकण न उचकटता कळायचा काही मार्ग आहे का?

पल्लवी_इलेक्ट्रॉनिक्स
मोड्यूलच्या डेटाशीटमध्ये सर्किट असेल तर त्यात डीसीसी पिन बघा. पिनवर काहीच जोडलेलं नसेल तर कॉईल नाही. डेटाशीट टाका इथे.