मदत हवी आहे: ६००० फ्लँजची ऑर्डर, मशीनचे तास पुरतात, माणसांचे कमी पडतात

भोसरी_वर्कशॉप:
नमस्कार मंडळी. दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी एवढंच आमचं वर्कशॉप. एका पार्टीला महिन्याभरात ६००० फ्लँज हवेत. गुरुवार सोडून २५ दिवस मिळतात. दोन शिफ्ट चालतात, चहा-जेवण आणि इन्सर्ट बदलणं वजा जाता शिफ्टचे ७ तास धरलेत. म्हणजे दर मशीनचे ३५० तास.

एका नगाला लेथवर पहिलं सेटिंग ३ मिनिटं, दुसरं २ मिनिटं. व्हीएमसीवर होल आणि टॅपिंग २ मिनिटं. मग बर काढणं, गेज लावणं, तेल, पॅकिंग मिळून हाताची ४ मिनिटं. या ऑर्डरला लेथचे ५०० तास, व्हीएमसीचे २०० आणि हातकामाचे ४००. नेहमीच्या पार्ट्यांचं काम वेगळं: लेथ १५०, व्हीएमसी १००, हातकाम १५०.

लेथवर ७०० पैकी ६५० आणि व्हीएमसीवर ३५० पैकी ३०० तास भरतात, म्हणजे बसतंय. माणसं सहा, शिफ्टला दोन ऑपरेटर आणि दिवसा दोन हेल्पर. त्यांचे होतात १०५० तास आणि लागतात १५००. तीन माणसं नवीन घ्यावी लागतील. महिन्याभरासाठी एवढी कुठून आणू? हिशोब बरोबर आहे ना?

रात्रपाळी:
माणसं कशाला घेताय? १२-१२ तासांच्या शिफ्ट करा. मशीनचे तासही वाढतील आणि माणसांचेही.

सोलापूरकर_युनिफॉर्म:
आमच्याकडे शाळेच्या गणवेशाचं शिवणकाम आहे. वीस मशीन, वीस कारागीर. कारागीर उठला की मशीन थांबलं, त्यामुळे दोन्ही तास एकच. तुम्ही उगाच दोन हिशोब करताय असं वाटतं.

जुना_टर्नर:
सोलापूरकर, शिलाई मशीन पायाखालीच चालतं. सीएनसीचं दार लावलं की ऑपरेटर मोकळा. फरक तिथेच पडतो.

भोसरीदादा, तुमच्या १५०० मध्ये मशीनचे ९५० तास जसेच्या तसे माणसांच्या नावावर पडलेत. तीन मशीनला शिफ्टमध्ये दोनच ऑपरेटर, म्हणजे एक जण दोन्ही लेथ बघतोच आहे. सेटिंगच्या ३ मिनिटांत जॉब काढणं-लावणं अर्धा मिनिट. तेव्हा ऑपरेटर मशीनच्या हिशोबात धरा आणि हातकाम वेगळं काढा: ४०० अधिक १५०, म्हणजे ५५० तास. दोन हेल्परचे ३५०. तूट २०० तासांची आहे, ४५० ची नाही.

त्यातले १०० तास व्हीएमसीवाला उचलेल. फिक्स्चरवर चार नग लागत असतील तर आठ मिनिटांच्या सायकलमध्ये त्याचे हात पाच-सहा मिनिटं रिकामे असतात. गेज लावायचं काम त्याला द्या, नगाला एक मिनिट. उरलेल्या १०० तासांना एक हेल्पर पुरतो.

लेथवाल्याला मात्र बर काढायला बसवू नका. मला खरी भीती तिथली वाटते. पहिलं सेटिंग एका लेथवर ठेवलंत तर तिथे ३०० तास. दुसऱ्यावर २००, आणि नेहमीचं १५० तासांचं काम बहुधा त्याच लेथवर जाणार. झाले ३५० पैकी ३५०! एकत्र बेरजेत जे ५० तास शिल्लक दिसतात ते सगळे पहिल्या लेथवर आहेत. वर नेहमीचा जॉब बदलताना सॉफ्ट जॉ बोअर करायचे, ऑफसेट घ्यायचे, पहिला नग तपासायचा, यात दीड-दोन तास जातात. ते तुमच्या १५० मध्ये धरलेत का?

भोसरी_वर्कशॉप:
नाही, ते फक्त सायकल टाइमवरून काढलेत. महिन्यात पाच-सहा वेळा तरी जॉब बदलतो. म्हणजे दुसरा लेथ दहा-बारा तासांनी ओव्हर. नेहमीचं काही काम पहिल्या लेथवर नेलं तर?

जुना_टर्नर:
न्या, पण एकदाच सलग. सारखं इकडून तिकडे केलं तर सेटिंगमध्येच ते तास जातील. दुसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या सेटिंगचे हजार नग जॉबवर्कला देणं, त्यात ३३ तास सुटतात. पण बोअर आणि फेस वेगवेगळ्या ठिकाणी झाले की रनआउट तपासत बसावं लागेल, ते काम पुन्हा हेल्परवर.

रात्रपाळीचं अर्धं खरं आहे. १२ तास केले की दुसरा लेथ सुटेल. पण महिनाभर ओटी, तीही डबल दराने, आणि शेवटच्या दोन तासांत रिजेक्शन वाढतं. मी फक्त जॉब बदलायच्या दिवशी लांबवीन.

फॅनक कंट्रोल असेल तर शिफ्ट संपताना `PART COUNT` लिहून ठेवा. पहिल्या सेटिंगला ७ तासांत १४० यायला हवेत. ११५ आले आणि `CYCLE TIME` तेवढाच असेल, तर दार उघडं ठेवून मशीन वाट बघतंय.

रात्रपाळी:
आणि रिजेक्शन? तीन टक्के धरले तरी १८० नग जास्त काढावे लागतील.

भोसरी_वर्कशॉप:
दुसऱ्या सेटिंगला ६ तास अजून. पार्टीला आठवड्याला दीड हजार द्यायचे म्हटलं तर त्यांना शेवटच्या आठवड्यात एकदम हवेत. नेहमीच्या पार्टीला दहा दिवस थांबवता येईल का, हे उद्या विचारतो. हेल्पर एकच बघतोय. कुणाच्या ओळखीत गेज वाचता येणारा असेल तर कळवा.