भूमितीच्या चाचणीत पायऱ्या कशाच्या? काठिण्याच्या की गैरसमजाच्या?

सहावी_ब
सहावीसाठी कोन, क्षेत्रफळ आणि परिमितीची चाचणी काढतेय. सोपे, मध्यम, कठीण अशा तीन पायऱ्या केल्यात. सोप्यात ४ सेमी बाजूच्या चौरसाची परिमिती, मध्यममध्ये १२.५ बाय ७.४ सेमीच्या आयताची, कठीणमध्ये शाब्दिक उदाहरण. यातून कुणाचा नेमका काय गैरसमज आहे ते कळेल का? आणि पर्यायांत मुद्दाम चुकीची उत्तरं घालावीत का?

चौकटीची_वही
नाही कळणार. ४ सेमीचा चौरस आधी काढून टाका. त्याची परिमिती १६ आणि क्षेत्रफळही १६, म्हणजे ज्याने बाजू गुणिले बाजू केलं त्यालाही पूर्ण गुण. ३ बाय ६ च्या आयताचंही तेच, दोन्हीकडे १८. पूर्ण संख्यांत असे हे दोनच आयत आहेत आणि सोप्या प्रश्नांत नेमके तेच येतात. १२.५ च्या प्रश्नात मूल चुकलं तर परिमिती कळलेली नाही की दशांशाची बेरीज चुकली, हे उत्तर बघून सांगता येणार नाही.

मी तिन्ही पायऱ्यांना एकच आकृती ठेवते. ८ बाय ६ सेमीचा आयत, त्याच्या एका कोपऱ्यातून ३ बाय २ चा तुकडा कापलेला.

पहिल्या पायरीत आकडे द्यायचेच नाहीत, फक्त चित्र. कापल्यावर परिमिती कमी झाली, वाढली की तेवढीच राहिली, आणि कशावरून? ‘तुकडा गेला, म्हणजे कमी’ असं म्हणणारी मुलं इथेच दिसतात. त्यांच्या मनात क्षेत्रफळ आणि परिमिती एकमेकांना बांधलेली असतात, एक घटलं की दुसरं घटणारच.

दुसऱ्या पायरीत आकडे. चित्रावर ८, ६, ३, २ एवढेच लिहायचे आणि परिमिती विचारायची. बरोबर उत्तर २८. १९ आलं तर मुलाने चित्रावर दिसलेले आकडे नुसते मिळवले, न लिहिलेल्या बाजू त्याच्यासाठी नाहीतच. १८ आलं तर २८ मधून तुकड्याची परिमिती १० वजा केली. ३३ आलं तर आतल्या नव्या कडा मिळवल्या, पण बाहेरच्या गेल्या हे धरलं नाही. ४२ म्हणजे सरळ क्षेत्रफळ. प्रत्येक चुकीचं उत्तर वेगळं येतंय ना, हे आकडे ठरवतानाच करून बघायचं. दोन चुकांचं उत्तर एकच आलं तर आकडे बदलायचे.

तिसऱ्या पायरीत मुलांनी काढायचं. याच आयतातून तेवढ्याच क्षेत्रफळाचा तुकडा असा कापा की परिमिती वाढेल.

फळा_आणि_खडू
मला हे पटत नाही. पायरी म्हणजे काठिण्य, पूर्वापार तसंच आहे. कच्च्या मुलाला पहिल्याच प्रश्नात ‘कशावरून’ विचारलंत तर तो पेपर बाजूला ठेवेल. आधी दोन सरळ उदाहरणं सुटली की हात चालू लागतो. आणि पंचेचाळीस मुलांची कारणं वाचणार कोण? सहावीतल्या मुलाला कळलेलं असतं, मराठीत लिहिता येत नाही. मग तुम्ही भूमिती तपासताय की भाषा?

चौकटीची_वही
भाषेचा मुद्दा खरा आहे, म्हणून कारणं लिहून घेत नाही. तीन-चार छोटी वाक्यं देते, त्यातलं एक निवडायचं. ती वाक्यं गेल्या वर्षीच्या मुलांच्या तोंडची असतात. त्यातलं बरोबर वाक्य सगळ्यात लांब होऊ देऊ नका, मुलं लांबीवरून ओळखतात.

सुरुवातीला दोन सरळ उदाहरणं ठेवायलाही हरकत नाही. पण हात चालतो म्हणून समज आहे असं नव्हे. पहिल्या पायरीत ‘कमी’ म्हणणारी काही मुलं दुसरीत २८ काढतात. ती बेरीज नीट करतात आणि आधीच्या उत्तराशी ताडून बघत नाहीत. तुमच्या काठिण्याच्या पेपरात अशी मुलं हुशार ठरतात.

दोघींची_आई
म्हणजे वर्गाचे तीन गट पाडणार का? आमच्या धाकटीला मागे ‘सोप्या’ गटात बसवलं होतं, तिने गणिताचं नावच टाकलं. कृपया असं करू नका.

सहावी_ब
नाही हो ताई, गट नाहीत. तिन्ही पायऱ्या सगळ्यांनाच.

प्लाय_आणि_पट्टी
मी फर्निचरचं काम करतो. प्लायच्या कडेला पट्टी चिकटवताना हा प्रश्न रोज येतो. टेबलाच्या फळीचा कोपरा चौकोनी कापला तर पट्टी आधीएवढीच लागते. भिंतीतला खांब मध्ये आला म्हणून फळीच्या बाजूत मधोमध खाच पाडली, की पट्टी कमी पडते. खाचेच्या दोन्ही उभ्या कडा जास्तीच्या. नवीन पोरगा दर वेळी कमी पट्टी मागवतो, कारण त्याला फळी लहान झालेली दिसते.

चौकटीची_वही
भाऊ, तिसऱ्या पायरीचं उत्तर हेच आहे. २ सेमी रुंद, ३ सेमी खोल खाच ८ च्या बाजूत मधोमध पाडली की परिमिती ३४ होते आणि क्षेत्रफळ ४२ च राहतं. तोच तुकडा आडवा, ३ रुंद आणि २ खोल, घेतला तर ३२. दोन्ही चालतात, म्हणून इथे पर्याय देत नाही.

भूमिती_प्रेमी
कोनांचं सोपं आहे. लहान कोनाच्या भुजा लांब काढा, मोठ्या कोनाच्या आखूड. ४० अंशाच्या ७ सेमी, ७० अंशाच्या ३ सेमी. ‘मोठा कोन कोणता’ यात ४० वाला निवडला की समजायचं, मूल भुजांची लांबी बघतंय. एका प्रश्नात काम होतं.

चौकटीची_वही
अर्धं होतं. काही मुलं भुजांची लांबी बघत नाहीत, त्यांच्या टोकांमधलं अंतर बघतात. तुमच्या चित्रात ४० अंशाच्या टोकांमध्ये जवळजवळ ४.८ सेमी आहे आणि ७० अंशाच्या टोकांमध्ये साडेतीनच्या आत. दोन्ही गैरसमजांची मुलं ४० च निवडणार.

लांब भुजांचा २० अंशाचा कोन घेऊन आणखी एक प्रश्न घाला. त्याची टोकं अडीच सेमीच्या आतच राहतात. इथे लांबी बघणारं मूल २० निवडेल आणि अंतर बघणारं ७०, म्हणजे बरोबर उत्तर चुकीच्या कारणाने. दोन्ही प्रश्न जोडीने वाचले तरच फरक दिसतो. कोनाची कमान सगळीकडे एकाच त्रिज्येची काढा, नाहीतर काही मुलं तीच मोजतात.

फळा_आणि_खडू
चुकीच्या पर्यायांचं कुणी बोललं नाही. ज्या मुलाच्या मनात ३३ नव्हतंच, त्याच्यापुढे ३३ ठेवून तुम्ही एक नवी चूक सुचवता. दुसऱ्या दिवशी त्याला ३३ च आठवतं. मी तरी पर्याय देणार नाही, कोरी जागा देईन आणि मुलांनी काय लिहिलं ते बघेन.

चौकटीची_वही
धोका आहेच. त्याच तासाला उत्तरं बोलून घेतली आणि कागदाचा आयत खरंच कापून कडेने दोरा फिरवला, तर हा धोका कमी होतो असा माझा अनुभव. निकाल आठवड्याने देणार असाल तर तुमची कोरी जागा बरी. शिवाय त्यात मला न सुचलेली चूकही सापडते. पण पर्यायांमुळे पंचेचाळीस पेपर त्याच दिवशी बघून होतात, कोऱ्या जागेत ते होत नाही.

सहावी_ब
दुसरी पायरी कोरी ठेवते, पहिलीत कारणांची वाक्यं देते. एक अडचण राहिली. पहिलीत ‘तेवढीच’ हे बरोबर निवडलं, पण कारण ‘आयत तोच आहे म्हणून’ असं निवडलं, तर त्या मुलाला काय समजायचं?

चौकटीची_वही
तिसरी पायरी बघा. खाच पाडूनही ‘तेवढीच’ म्हणालं तर कडा हलवून बघितलेल्याच नाहीत. खाच बरोबर काढली तर मात्र मलाही ठरवता येत नाही. अशा मुलाला जवळ बसवून विचारते.